पाठ न करता भाषण अंगात मुरवणं: तालमीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भाषण लिहून तयार आहे, ते पाच ते पंधरा मिनिटांचं आहे आणि कागद न बघता बोलायचं आहे, अशा वक्त्यासाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. सगळीकडे एकच उदाहरण घेतलं आहे: १२ जुलै १९६१ रोजी पुण्यात आलेल्या पानशेतच्या पुरावरचं आठ मिनिटांचं भाषण. त्यात घटनाक्रम आहे, तारखा-नावं आहेत आणि एक अवघड वळणही आहे. त्यामुळे तालमीतल्या बहुतेक अडचणी त्यात दिसतात.

शब्दशः पाठ केलं तर बिघडतं कुठे?

पाठ केलेल्या मजकुरात प्रत्येक शब्दाची आठवण आधीच्या शब्दावर टांगलेली असते. एक शब्द निसटला की पुढचा सापडत नाही आणि मन मागे धावतं, बहुतेक वेळा परिच्छेदाच्या अगदी सुरुवातीला. पाढे म्हणताना मध्येच थांबवलेलं मूल पुन्हा ‘सात एके सात’पासून सुरू करतं, तसंच. घरी ते चालून जातं, मंचावर चालत नाही.

दुसरा तोटा ऐकणाऱ्यांना जाणवतो. वक्ता अर्थ सांगायचं सोडून शब्द शोधत असतो. आवाज एकाच पट्टीत राहतो, प्रत्येक वाक्याचा शेवट सारखाच खाली येतो, नजर वर छताकडे जाते. घाईही होते, कारण थांबलं तर साखळी तुटेल अशी भीती असते.

शिवाय हे मेंदूच्या कलाविरुद्ध आहे. मानसशास्त्रज्ञ जॅकलिन सॅक्स यांनी १९६७ मध्ये दाखवून दिलं की ऐकलेल्या वाक्याची नेमकी रचना माणूस काही क्षणांतच विसरतो, अर्थ मात्र टिकून राहतो. जे आपोआप टिकतं त्यावर तालीम उभी करावी आणि जे निसटतं त्यातलं मोजकंच हट्टाने धरून ठेवावं, एवढंच या पद्धतीचं सूत्र आहे.

मग काहीच पाठ करायचं नाही का?

करायचं, पण थोडं आणि ठरवून. पहिली दोन वाक्यं, कारण तेव्हा घाबरटपणा सर्वांत जास्त असतो. शेवटची दोन वाक्यं, कारण ती ठरलेली नसली तर वक्ता ‘तर असं आहे सगळं’ म्हणत घुटमळत राहतो. एका भागातून दुसऱ्या भागात नेणारी वाक्यं, म्हणजे सांधे. आणि ज्यात बदल केला तर चूक होईल असा मजकूर: तारखा, आकडे, नावं, कुणाचं उद्धृत वाक्य, कवितेची ओळ. आठ मिनिटांच्या भाषणात हे सगळं मिळून बारा ते पंधरा वाक्यं होतात. बाकीचं दर वेळी नव्याने बोलायचं.

नारदीय कीर्तन जवळून ऐकलं असेल त्यांना ही विभागणी नवी वाटणार नाही. कीर्तनकाराला अभंग, साकी, दिंडी, ओव्या अक्षरशः तोंडपाठ असतात. तिथे एक शब्द हललेला चालत नाही. पूर्वरंगातलं निरूपण आणि उत्तररंगातलं आख्यान मात्र तो समोरच्या मंडळींना बघून बोलतो, लांबवतो, आवरतो. पाठ असलेलं पद हा त्याचा मुक्काम असतो: तिथे पोहोचायचं हे ठरलेलं, रस्ता थोडा इकडचा-तिकडचा झाला तरी चालतो.

लिहिलेली संहिता तालमीला घेण्याआधी काय करावं?

आधी एकदा पूर्ण मोठ्याने वाचा, हातात पेन घेऊन. जिथे जीभ अडते, श्वास पुरत नाही किंवा स्वतःलाच ‘आपण असं बोलत नाही’ असं वाटतं, तिथे खूण करा. ‘सदर धरणाचे बांधकाम पूर्णत्वास गेलेले नसताना’ हे वाक्य कितीही घोकलं तरी तोंडात बसणार नाही. ‘धरणाचं काम अजून पुरं झालं नव्हतं’ हे एकदा म्हटलं की बसतं. लक्षात राहत नाही अशी तक्रार असलेली निम्मी वाक्यं खरं तर बोलण्यासारखी लिहिलेलीच नसतात. ती घोकण्यापेक्षा बदलावीत.

मग संहितेचे पाच ते सात तुकडे पाडा आणि प्रत्येक तुकड्याला प्रश्न द्या, शीर्षक नको. ‘पार्श्वभूमी’ हे शीर्षक वाचून तोंडातून काही बाहेर पडत नाही. प्रश्न वाचला की उत्तर आपोआप सुरू होतं. पानशेतच्या भाषणाचे तुकडे असे पडतील:

१. पानशेत कुठे आहे आणि त्याचं पाणी पुण्याकडे कसं येतं?
२. १९६१ च्या पावसाळ्यात धरणाची अवस्था काय होती?
३. फुटण्याच्या आदल्या रात्री धरणावर काय चाललं होतं?
४. १२ जुलैला कोणतं धरण आधी फुटलं आणि मग काय झालं?
५. शहरात पाणी कुठे शिरलं?
६. पाणी ओसरल्यावर पुणेकरांपुढे काय उभं राहिलं?

हे प्रश्न एकाखाली एक वाचूनच भाषणाचा कणा दिसतो. कणा दिसत नसेल, दोन प्रश्नांची उत्तरं एकमेकांत घुसत असतील, तर दोष संहितेत आहे. तो तालमीने जाणार नाही. आधी लेखन दुरुस्त करा.

पहिल्या दिवशी नेमकं काय करायचं?

एक तुकडा घ्या. तो एकदाच, पण सावकाश, मोठ्याने वाचा. कागद उलटा ठेवा. त्या तुकड्याचा प्रश्न स्वतःला विचारा आणि समोर कुणी बसलं आहे असं धरून उत्तर द्या, मोठ्याने, पूर्ण वाक्यांत. अडलात तरी कागद उलटू नका. निदान दहा सेकंद आठवायचा प्रयत्न करा आणि जमेल तसं शेवटपर्यंत जा. मगच कागद सुलटा करून पडताळा.

पडताळणी कशी करता यावर सगळं अवलंबून आहे. संहितेतले शब्द आले का, हे बघायचंच नाही. बघायच्या गोष्टी तीनच: कोणता मुद्दा गळला, कोणती माहिती चुकली, क्रम उलटला का. शब्द जुळवत बसलात तर दोन फेऱ्यांतच पुन्हा घोकंपट्टी सुरू होते, लक्षातही येत नाही. गळलेल्या मुद्द्याखाली रेघ मारा आणि तोच तुकडा आणखी एकदा बोला. एका तुकड्याला दोन, फार तर तीन फेऱ्या, मग पुढचा. सहा तुकड्यांना साधारण पाऊण तास लागतो.

पहिली फेरी फार वाईट होते. निम्मे मुद्दे गळतात, आणि इथेच बरेच जण पद्धत सोडून पुन्हा वाचत बसतात. वाचताना सगळं ओळखीचं वाटतं म्हणून ‘आता येतंय’ असा भास होतो. पण ओळखणं वेगळं आणि आठवणं वेगळं. रोडिगर आणि कार्पिके या संशोधकांच्या २००६ च्या प्रयोगात हे स्पष्ट दिसलं. उतारा पुन्हापुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनंतरच्या परीक्षेत पुढे होते, पण आठवड्यानंतर घेतलेल्या परीक्षेत न बघता आठवून लिहिणारे पुढे गेले. भाषण पाच मिनिटांनी नसतं, आठवड्यानी असतं. तेव्हा आठवताना होणारा त्रास हे पद्धत फसल्याचं लक्षण समजू नका. तो त्रास म्हणजेच तालीम.

टाचण किती शब्दांचं असावं?

तीन पायऱ्यांनी कमी करत न्यावं. पहिल्या दिवशी प्रत्येक तुकड्याला एक कार्ड आणि त्यावर पाच ते सात शब्द. तिसऱ्या दिवशी सगळ्या भाषणाला मिळून एकच कार्ड: सहा प्रश्नांसाठी सहा शब्द आणि अचूक माहितीची छोटी यादी. पाचव्या दिवशी कार्ड खिशात.

शब्द निवडताना नामापेक्षा क्रियापद किंवा डोळ्यांपुढे उभी राहणारी वस्तू घ्या. तिसऱ्या तुकड्यासाठी ‘प्रयत्न’ हा शब्द निकामी आहे. ‘वाळूची पोती’ लिहिलं की खचणाऱ्या भिंतीवर रात्रभर पोती रचणारे जवान दिसतात आणि वाक्यं मागोमाग येतात. टाचणावर पूर्ण वाक्य लिहू नका. वाक्य दिसलं की डोळे ते वाचायला लागतात आणि समोरच्या माणसांवरची नजर सुटते. अपवाद उद्धृताचा; ते शब्दशः लिहून ठेवावं.

मला तुकडे छान येतात, पण एकातून दुसऱ्यात जाताना नेमकं विसरतं. असं का?

भाषण विसरण्याची ही सर्वांत नेहमीची जागा आहे आणि तिची तालीम सर्वांत कमी होते. तुकड्याच्या आत एक मुद्दा दुसऱ्याला ओढून आणतो. दोन तुकड्यांमध्ये ओढणारं काही नसेल तर तिथे खड्डा असतो, आणि कागदावर नवा परिच्छेद सुरू झाल्यामुळे तो खड्डा लिहिताना दिसत नाही.

पानशेतचं भाषण घ्या. दुसऱ्यातून तिसऱ्यात जायला कारण आहे: काम अपुरं असताना पाणी चढलं, बांध खचू लागला, ‘म्हणून’ जवान बोलावले. तिसऱ्यातून चौथ्यात ‘पण’ घेऊन जातो: रात्रभर पोती रचली, पण सकाळी पानशेत फुटलं. चौथ्यातून पाचव्यात तर पाणीच आपल्याला घेऊन जातं: आधी पानशेत, त्या लोंढ्याने खालचं खडकवासला, तिथून मुठेच्या पात्रातून शहर. हे तीन सांधे फारसे पाठ करावेच लागत नाहीत.

पाचव्यातून सहाव्यात जाताना मात्र काळाची उडी आहे. नारायण, शनिवार, कसबा या नदीकाठच्या पेठांत पाणी शिरल्याचं वर्णन संपतं आणि पुढे पुनर्वसन, नव्या वसाहती, लोकमान्यनगर, गोखलेनगर असा विषय आहे. ‘म्हणून’ही नाही, ‘पण’ही नाही. वक्ता बहुधा इथेच थांबतो किंवा ‘त्यानंतर... त्यानंतर...’ म्हणत राहतो. इथे सांधा मुद्दाम घडवावा लागतो, आणि तो विषयातूनच शोधावा लागतो. दोन्ही धरणं गेल्यामुळे शहराचा पाणीपुरवठाच तुटला होता. मग वाक्य असं होतं: ‘पाणी ओसरलं, आणि पुणेकरांनी नळ उघडला तर नळाला पाणी नव्हतं.’ या वाक्याचं पहिलं पाऊल पाचव्या तुकड्यात आहे आणि दुसरं सहाव्यात. हे वाक्य शब्दशः पाठ करायचं.

सांध्यांची तालीम स्वतंत्र करावी. प्रत्येक तुकड्याचं शेवटचं वाक्य, सांधा आणि पुढच्या तुकड्याचं पहिलं वाक्य, एवढंच बोलायचं आणि थांबायचं. पाच सांध्यांना दोन मिनिटंही लागत नाहीत. बस थांब्यावर, चहा उकळेपर्यंत, जिना चढताना ही फेरी होऊ शकते. दिवसातून तीन-चार वेळा केली तर तीन दिवसांत खड्डे बुजतात.

दर वेळी सुरुवातीपासून म्हटलं तर काय हरकत आहे?

दहा वेळा सुरुवात केली आणि निम्म्या वेळा मध्येच कुणी हाक मारली, तर पहिला तुकडा दहा वेळा होतो आणि शेवटचा पाच. मंचावर हे लगेच ओळखू येतं: पहिली दोन मिनिटं झोकात, शेवटची दोन चाचपडत.

उपाय चिठ्ठ्यांचा. एक ते सहा आकड्यांच्या चिठ्ठ्या वाटीत टाका, एक उचला आणि थेट त्या तुकड्यापासून बोलायला लागा. चार क्रमांक आला तर आधीच्या तिन्हीची मनात उजळणी न करता ‘१२ जुलैला सकाळी’ म्हणत सुरुवात व्हायला हवी. मनातल्या मनात मागून धावत यावं लागत असेल तर अजून साखळीच आहे. दुसरा उपाय उलट्या क्रमाचा: आज सहावा, मग पाचवा-सहावा, मग चौथा-पाचवा-सहावा. यात शेवट सर्वांत पक्का होतो आणि भाषण पुढे जाईल तसं अधिकाधिक ओळखीच्या रस्त्यावर येतं.

किती दिवस आणि किती वेळा?

आठ मिनिटांसाठी सहा दिवस पुरतात, रोज अर्धा ते पाऊण तास. पहिल्या दिवशी तुकडे. दुसऱ्या दिवशी कागद बघण्याआधीच सगळे तुकडे बोलून बघायचे, म्हणजे रात्रभरात काय गळलं ते कळतं, मग सांधे. तिसऱ्या दिवशी एका कार्डावर पूर्ण भाषण दोनदा आणि चिठ्ठ्या. चौथ्या दिवशी आवळणं-सोडणं, ज्याबद्दल खाली सांगितलं आहे. पाचव्या दिवशी कार्डाशिवाय, उभं राहून, घड्याळ लावून दोनदा, त्यातलं एक माणसांसमोर. सहाव्या दिवशी एकदाच पूर्ण, आणि सांधे दोन-तीनदा.

हाच वेळ एका दिवशी ओळीने चार तास घातला तर त्या रात्री सगळं येतं आणि दोन दिवसांनी बरंच उडतं. मधली झोप आणि मधलं थोडंसं विसरणं या तालमीचाच भाग आहे. दोनच दिवस हाताशी असतील तर सकाळ, दुपार, रात्र अशा सहा छोट्या बैठका करा.

आवळणं-सोडणं म्हणजे काय?

आठ मिनिटांचं भाषण आधी चार मिनिटांत बोलायचं, मग एका मिनिटात, मग पुन्हा आठ मिनिटांत. वेग वाढवून नाही, मजकूर गाळून. चार मिनिटांच्या फेरीत तपशील जातात आणि प्रत्येक तुकड्याचं उत्तर तेवढं उरतं. एका मिनिटाच्या फेरीत सहा वाक्यं उरतात: ‘पानशेतचं पाणी मुठेला येतं. १९६१ मध्ये धरण अपुरं असतानाच भरलं. जवानांनी रात्रभर पोती रचली. सकाळी पानशेत फुटलं, मग खडकवासला. नदीकाठच्या पेठा बुडाल्या. पाणी ओसरलं तर नळाला पाणी नव्हतं.’

हे एकदा जमलं की शब्दांवरचं अवलंबन सुटतं, कारण तोच मजकूर तीन वेगळ्या लांबीत तोंडातून गेलेला असतो. प्रत्यक्षातही याचा उपयोग होतो. आधीचे वक्ते लांबले, संयोजकांची ‘पाचच मिनिटं बोला’ अशी चिठ्ठी आली, तर पाठ केलेलं भाषण मध्येच कापावं लागतं. मुरलेलं भाषण आतून आवळता येतं.

मनातल्या मनात तालीम चालते का?

सांध्यांसाठी चालते. पूर्ण भाषणासाठी नाही. मनात वाक्यं अर्धवट सोडली जातात आणि सगळं झपाट्याने होतं, त्यामुळे वेळेचा अंदाज चुकतो. जीभ कुठे अडते हेही कळत नाही.

चालत-फिरत तालीम करावी की एका जागी उभं राहून?

सुरुवातीला चालत. हेल्गा आणि टोनी नॉइस या दांपत्याने नटांच्या पाठांतरावर बरीच वर्षं अभ्यास केला. हालचाल करत म्हटलेली वाक्यं जागेवर बसून म्हटलेल्यांपेक्षा चांगली आठवतात, असं त्यांना आढळलं. तेच नट ओळी घोकण्यापेक्षा ‘हे पात्र हे आत्ता का म्हणतं आहे’ याचा शोध घेतात, हेही त्यांनी नोंदवलं. वक्त्यानेही हा प्रश्न प्रत्येक तुकड्याला विचारावा: हे मी ऐकणाऱ्यांना आत्ता का सांगतो आहे? दचकवायला, समजवायला की हळवं करायला? उत्तर ठरलं की आवाजही ठरतो.

खोलीत सहा जागा ठरवा. खिडकीजवळ पहिला तुकडा, कपाटापाशी दुसरा, असं फिरत बोला. पाऊल उचलताना सांधा म्हणा. मात्र मंचावर पोडियम आणि उभा माइक असेल तर शेवटचे दोन दिवस एका जागी उभं राहून, हाताच्या अंतरावर माइक आहे असं धरून बोला. नाहीतर पाय बांधल्यासारखे वाटतात आणि मन तिथेच अडकतं.

आरशासमोर बोलावं का? रेकॉर्डिंग कधी ऐकावं?

आरसा टाळलेला बरा. स्वतःचा चेहरा बघताना लक्ष मजकुरावरून उडतं, आणि मंचावर आपल्याला स्वतःचा चेहरा दिसणारही नसतो. रेकॉर्डिंग चौथ्या दिवशी एकदा करावं आणि कागद हातात न घेता, ऐकणाऱ्याच्या जागेवरून ऐकावं. कुठे कंटाळा आला, कुठे घाई झाली, कोणतं वाक्य दोनदा आलं, हे टिपायचं. रोज स्वतःचं रेकॉर्डिंग कानात लावून ऐकणं मात्र घातक: त्यातले हेल आणि शब्द तसेच्या तसे बसतात आणि आपण स्वतःचीच नक्कल करू लागतो.

माझ्या शब्दांत बोललं की वेळ वाढतो आणि माहितीही बदलते. काय करू?

दोन्ही होणारच आहे असं धरून चाला. स्वतःच्या शब्दांत बोलताना माणूस एकच गोष्ट दोनदा सांगतो, त्यामुळे आठची सहज दहा मिनिटं होतात. म्हणून संहिता आठ मिनिटांसाठी असेल तर ती वाचायला सात मिनिटं लागतील एवढीच ठेवा. प्रत्येक तुकड्याचा वेळ स्वतंत्र मोजा. एकूण वेळ मोजून काही कळत नाही. ‘पाचव्या तुकड्याला अडीच मिनिटं गेली’ हे कळलं की कापायचं कुठे ते दिसतं.

माहिती घसरणं जास्त गंभीर आहे, कारण ती हळूहळू घसरते आणि वक्त्याला खात्री असते की आपण बरोबर बोलतो आहोत. एकदा घाईत ‘खडकवासला फुटलं आणि मग पानशेत’ असं निघून गेलं, दुरुस्त केलं नाही, तर चौथ्या तालमीपर्यंत ती चूक पक्की होते. त्यासाठी वेगळी यादी ठेवा: १२ जुलै १९६१, आंबी नदीवर पानशेत, मुठेवर खडकवासला, आधी पानशेत, मग खडकवासला, मातीचं धरण, काम अपुरं, तीन पेठा, दोन वसाहती. प्रत्येक पूर्ण तालमीनंतर, लगेच, ही यादी समोर ठेवून तपासा. माणसांसमोर तालीम असेल तर यादी त्यांच्याकडे द्या आणि चुकलेल्यावर खूण करायला सांगा. मध्ये टोकू नका म्हणावं.

दहा तालमींनंतर बरीच वाक्यं आपोआप ठरून गेली. हेही पाठांतरच ना?

नाही. ती तुमच्या तोंडाने निवडलेली वाक्यं आहेत, त्यामागे अर्थ आहे आणि एक चुकलं तर दुसरं येतं. शंका असेल तर एखादा तुकडा शेजारच्या काकूंना सांगितल्यासारखा बोलून बघा. जमलं तर काळजीचं कारण नाही.

मंचावर अडलोच तर?

बोलणं थांबवा आणि एक श्वास घ्या. दोन-तीन सेकंद तुम्हाला फार वाटतात; श्रोत्यांना ते विचारपूर्वक घेतलेले वाटतात. मग शेवटचं वाक्य थोड्या वेगळ्या शब्दांत पुन्हा म्हणा. तरीही धागा सापडला नाही तर त्या तुकड्याचा नाद सोडून पुढचा प्रश्न स्वतःला विचारा आणि त्याचं उत्तर सुरू करा. प्रश्न मोठ्याने विचारला तरी चालतो: ‘मग शहरात पाणी शिरलं कुठे?’ सभागृहाला ती वक्त्याची लकब वाटते. मागे जाऊ नका, ‘सॉरी, विसरलो’ म्हणू नका, गाळलेला मुद्दा नंतर आठवला तरी तो खरोखर लागत नसेल तर घुसवू नका.

याचीही तालीम होते. घरच्यांना सांगून ठेवा: मी बोलत असताना केव्हाही एकदा मध्ये काहीतरी विचारा. त्यांच्या ‘कुकर बंद करू का?’ला उत्तर द्यायचं आणि होतो तिथून पुढे जायचं.

शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेसाठी मुलाची तयारी करून घ्यायची आहे. काही वेगळं?

पहिली गोष्ट, भाषण मुलाच्या तोंडचं हवं. मोठ्यांनी लिहिलेली ‘अलौकिक’, ‘देदीप्यमान’ असली विशेषणं तिसरीतल्या मुलाला पाठच करावी लागतात, कारण ती त्याला समजलेली नसतात. विषय त्याला गोष्टीसारखा सांगा, मग ‘आता तू आजीला सांग’ म्हणा आणि तो जे बोलेल ते लिहून घ्या. संहिता तिथून सुरू करा. तीन मिनिटांना तीन-चार तुकडे पुरतात, आणि टाचणाऐवजी त्यानेच काढलेली चित्रं चालतात.

दुसरी गोष्ट, अडलं की पुढचा शब्द पुरवू नका. शब्द पुरवला की तो शब्दाचीच वाट बघायला शिकतो. प्रश्न पुरवा: ‘मग जवानांनी काय केलं?’ स्पर्धेच्या दिवशी तुम्ही समोर नसलात तरी तो प्रश्न त्याच्या डोक्यात असेल. भाषणासोबत सुविचार किंवा श्लोक म्हणायचा असेल तर तेवढा अक्षरशः पाठ करून घ्या.

परदेशात वाढलेल्या, मराठी जेमतेम येणाऱ्या मुलांना ही पद्धत जमेल का?

थोड्या बदलाने. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमासाठी मुलं भाषण रोमन लिपीत लिहून घोकतात, आणि एक शब्द निसटला की त्यांच्याकडे दुसरा नसतो. अशा मुलांनी आधी तुकडा त्यांच्या सवयीच्या भाषेत सांगावा, म्हणजे अर्थ आणि क्रम पक्का होतो. मग त्या तुकड्याची क्रियापदं द्यावीत: भरलं, खचलं, फुटलं, शिरलं, ओसरलं. वाक्याच्या शेवटचं क्रियापद हाताशी असलं की आधीचं वाक्य जुळवता येतं. वाक्यं लहान ठेवा आणि लिंगाच्या चुकांवर तालमीत टोकू नका; त्या शेवटच्या दोन दिवसांत, एका वेळी एकच, दुरुस्त करा.

ही पद्धत कुठे वापरू नये?

शपथ, ठराव, प्रतिज्ञा, न्यायालयात किंवा पत्रकारांसमोर द्यायचं निवेदन: हे वाचूनच दाखवावं. शोकसभेत दिवंगताच्या घरच्यांची नावं आणि नाती कागदावर असू द्या. गळा भरून आला की आठवण दगा देते. नाटकात समोरच्या नटाला तुमच्या वाक्याचा नेमका शेवट हवा असतो, आणि ध्वनी-प्रकाश देणाराही त्या शब्दावर बटण दाबतो. सूत्रसंचालनात मधलं बोलणं मोकळं ठेवा, पण पाहुण्यांची नावं आणि पदं कार्डावरून वाचा.

भाषणाच्या दिवशी सकाळी काय करावं?

एक मिनिटाची फेरी मोठ्याने एकदा, पाचही सांधे एकदा, पहिली आणि शेवटची दोन वाक्यं दोनदा, आणि अचूक माहितीच्या यादीवर नजर. सगळं मिळून पाच मिनिटं. संहितेचा कागद उघडू नका: चार दिवसांत तुमची वाक्यं त्यापासून दूर गेलेली असतात, आणि आता तो वाचला तर मंचावर दोन्ही रूपं एकमेकांच्या आड येतात. सभागृहात लवकर पोहोचलात तर मंचावर जाऊन फक्त पहिलं वाक्य माइकवर बोलून बघा.